विस्कळीत पाठटाचणाची टप्प्यांत मांडणी: एकही मिनिट इकडचे तिकडे न होऊ देता

पाठटाचण लिहिणाऱ्याला सूचना सुचतात त्या क्रमाने, आणि वर्गात त्या लागतात त्या वेगळ्याच क्रमाने. लिहिताना प्रयोग आधी डोळ्यासमोर येतो, मग त्यातली खबरदारी आठवते, मग उजळणी राहून गेल्याचे लक्षात येते आणि ‘सुरुवातीला’ असे म्हणून ती सातव्या ओळीत येऊन बसते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात सगळे जागच्या जागी असल्यामुळे त्याचे काही अडत नाही. अडते ते दुसऱ्याला त्या कागदावरून वर्ग घ्यायचा असतो तेव्हा, किंवा तेच टाचण वर्षभराने आपल्याच हातात पडते तेव्हा.

अशा टाचणाची पुनर्रचना म्हटली की बहुतेक जण वाक्ये वरखाली सरकवायला लागतात. वाक्ये एका बैठकीत जुळतात, पण मिनिटे बिघडतात. कुठे वेळ दोनदा मोजला जातो, कुठे एखादी वेळ गळते, आणि शेवटची बेरीज जमवण्यासाठी कुणीतरी चर्चेतली दोन मिनिटे गुपचूप कापतो. म्हणून या लेखात भर वेळेवर आहे. एकच टाचण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

मूळ टाचण

विषय विज्ञान, पाठ मिश्रणातील घटक वेगळे करण्याचा, पद्धत कागदावरची क्रोमॅटोग्राफी. टाचण हाती आले ते असे:

> काळ्या स्केचपेनच्या शाईत किती रंग दडलेले असतात हे मुलांनी प्रयोगातून शोधावे. चार-चारचे गट करावेत. गाळणकागदाच्या पट्टीवर खालच्या टोकापासून २ सेंमी वर ठिपका द्यावा. ठिपका वाळल्याशिवाय पट्टी पाण्यात सोडू नये, साधारण १ मिनिट. पट्टी पाण्यात १० मिनिटे ठेवावी, तोवर मुलांनी आपला अंदाज वहीत लिहावा (३ मिनिटे) व गटात वाचून दाखवावा (४ मिनिटे). निरीक्षण व चर्चा १० मिनिटे. सुरुवातीला गाळणे व बाष्पीभवन यांची उजळणी घ्यावी, ५ मिनिटे. साहित्य आधीच मांडून ठेवावे. शेवटी एक प्रश्न वहीत सोडवून घ्यावा, ५ मिनिटे. पाणी ठिपक्याला लागता कामा नये हे पट्टी सोडण्यापूर्वी सांगावे. शिक्षकांनी कृती करून दाखवावी, ३ मिनिटे. मुले पट्टी तयार करतात, ४ मिनिटे. पट्टी बाहेर काढताच पाणी जिथवर चढले तिथे पेन्सिलने रेघ मारायला सांगावे. आवराआवर २ मिनिटे. तासिका ४० मिनिटांची.

टाचण वाईट नाही. लिहिणाऱ्याला प्रयोग नीट माहीत आहे आणि वेळेचा अंदाजही आहे. फक्त सगळे एका ढिगात पडले आहे.

पहिले काम: सूचना सुट्या करा, पण शब्द बदलू नका

प्रत्येक सूचनेला क्रमांक द्या. एका वाक्यात दोन-तीन सूचना असतील तर त्या वेगळ्या करा. ‘पट्टी पाण्यात १० मिनिटे ठेवावी, तोवर…’ या एकाच वाक्यात तीन सूचना आहेत: पट्टी ठेवणे, अंदाज लिहिणे, गटात वाचणे. अशा रीतीने वरच्या टाचणाच्या १८ सूचना होतात. त्यात पहिले वाक्य उद्दिष्ट आहे आणि शेवटचे एकूण वेळ सांगते. तरी दोन्हींना क्रमांक द्यायचाच, कारण नंतरच्या तपासणीत तेही शोधावे लागतात.

या पायरीवर भाषा सुधारायचा मोह होतो, तो आवरा. ‘साधारण १ मिनिट’ यातले ‘साधारण’ काढून टाकले की ती वेळ एकदम काटेकोर होते. तसे लिहिणाऱ्याने म्हटलेले नाही. ‘तोवर’, ‘सुरुवातीला’, ‘शेवटी’, ‘आधीच’, ‘काढताच’, ‘सोडण्यापूर्वी’ हे छोटे शब्द तर गोल करून ठेवा. टाचणातला खरा क्रम वाक्यांच्या जागेत नसतो, या शब्दांत असतो.

एक जागा जपून हाताळावी लागते. ‘निरीक्षण व चर्चा १० मिनिटे’ याच्या सूचना दोन होतात, पण वेळ एकच आहे. पाच-पाच अशी वाटणी करायचा अधिकार आपल्याला नाही. दोन्ही सूचना सुट्या लिहा आणि १० मिनिटे ही दोहोंची सामाईक वेळ म्हणून कंसात नोंदवा.

दुसरे काम: मिनिटांची जात ओळखा

टाचणातल्या सगळ्या वेळा एका खाली एक लिहून बेरीज केली तर काय होते ते पाहू. वाळण्याचे १, पाण्यात १०, अंदाज ३, वाचन ४, निरीक्षण-चर्चा १०, उजळणी ५, प्रश्न ५, दाखवणे ३, पट्टी तयार करणे ४, आवराआवर २. बेरीज ४७. तासिका तर ४० ची.

इथे घाईने निष्कर्ष निघतो की टाचण सात मिनिटांनी फुगले आहे, आणि कापाकापी सुरू होते. प्रत्यक्षात टाचण बरोबर आहे, चूक बेरजेत आहे. अंदाज लिहिण्याची ३ आणि वाचनाची ४ मिनिटे पट्टी पाण्यात असतानाच्या १० मिनिटांच्या पोटात आहेत; ‘तोवर’ हा शब्द तेच सांगतो. ती सात मिनिटे वेगळी धरली म्हणून ४७ आले. ती काढली की नेमके ४० उरतात.

म्हणून बेरजेपूर्वी प्रत्येक आकड्यापुढे त्याची जात लिहायची. जाती तीनच पुरतात.

पहिली म्हणजे सलग वेळ, जी घड्याळ पुढे सरकवते. उजळणीची ५, दाखवण्याची ३, पट्टी करण्याची ४ मिनिटे या जातीची. या जातीचे आकडे बेरजेत येतात.

दुसरी पोटातली वेळ, म्हणजे दुसरे काही चालू असताना त्याच्या आत चालणारी. ती बेरजेत येत नाही, पण तिला स्वतःची तपासणी लागते: पोटातल्या वेळांची बेरीज बाहेरच्या वेळेपेक्षा जास्त होता कामा नये. इथे ३ आणि ४ मिळून ७, बाहेर १०. बसते, आणि ३ मिनिटे उरतात. त्या तीन मिनिटांकडे पुढे येऊ.

तिसरी पदार्थाची वेळ. ठिपका वाळायला लागणारे मिनिट आणि पाणी कागदावर चढायला लागणारी दहा मिनिटे ही शिक्षकाच्या किंवा मुलांच्या वेगावर अवलंबून नाहीत. ती घड्याळ पुढे सरकवतात, म्हणून बेरजेत येतात. पण वर्ग मागे पडला म्हणून त्यांना घाई करता येत नाही. ही जात वेगळी नोंदवली नाही तर उशीर झाल्यावर शिक्षक नेमकी तीच वेळ कापतात, कारण त्या वेळेत ‘काही चाललेले नाही’ असे दिसते. ओला ठिपका पाण्याच्या वर सोडला तर शाई पसरट चढते आणि रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळतात. पट्टी लवकर काढली तर रंग पुरते सुटे होत नाहीत. दोन्ही वेळा चर्चेसाठी हातात काही उरत नाही.

शिवाय एक आकडा वेळेचा नाहीच: २ सेंमी. हे सांगायची गरज वाटणार नाही, पण पुनर्रचनेत गळणारा आकडा बहुधा असलाच असतो. सगळे लक्ष मिनिटांवर असते आणि अंतर, संख्या, मापे बाजूला पडतात. त्यांची वेगळी यादी करा. इथे २ सेंमी आणि गटातली चार मुले, एवढीच.

तिसरे काम: आधी काय, नंतर काय

आता गोल केलेले शब्द कामाला येतात. ‘सुरुवातीला’ उजळणी, ती पहिली. ‘आधीच’ साहित्य, ते तासिकेच्याही आधी. ‘काढताच’ रेघ, म्हणजे पट्टी पाण्याबाहेर आल्यावर आणि निरीक्षणाच्या आधी. ही रेघ उशिरा मारून चालत नाही, कारण कागद सुकू लागला की पाणी कुठवर चढले होते ते ओळखू येत नाही. पेन्सिलच हवी, कारण पेनाची शाई ओल्या कागदावर स्वतःच पसरते.

ज्या सूचनांना असा शब्द नाही त्यांचा क्रम प्रयोगावरूनच काढायचा. पट्टी तयार झाल्याशिवाय ठिपका वाळणार नाही आणि वाळल्याशिवाय पाण्यात जाणार नाही. दाखवणे पट्टी तयार करण्याच्या आधी असणार, कारण मुलांना काय करायचे ते बघायचे आहे. प्रत्येक जोडीसाठी एकच प्रश्न विचारायचा: ही सूचना उलट क्रमाने दिली तर काही बिघडते का? बिघडत असेल तर क्रम पक्का. बिघडत नसेल तर मूळ टाचणातला क्रम तसाच ठेवायचा.

खबरदारीच्या सूचनांची जागा हा वेगळाच विषय आहे. ‘पाणी ठिपक्याला लागता कामा नये’ ही सूचना मूळ टाचणात प्रश्न सोडवण्याच्या आणि दाखवण्याच्या मध्ये आली आहे. पुनर्रचना करणारे अनेकदा अशा सगळ्या सूचना गोळा करून ‘खबरदारी’ नावाचा चौकोन तळाशी करतात. कागद देखणा दिसतो, पण वर्गात शिक्षक तळाशी पोहोचतो तेव्हा पट्ट्या बुडालेल्या असतात. पाणी ठिपक्याला लागले की शाई कागदावर चढण्याऐवजी सरळ पेल्यात विरघळते आणि त्या गटाचा प्रयोग तिथेच संपतो. खबरदारी नेहमी ज्या कृतीशी बांधलेली आहे तिच्या लगेच आधी लिहायची. इथे तिला सोयीची जागाही मिळते: ठिपका वाळण्याचे मिनिट. मुलांचे हात तेव्हा रिकामे असतात आणि सूचना द्यायला वेगळे मिनिट लागत नाही.

दोन अडचणीच्या जागा

पहिली जागा गटांची. ‘चार-चारचे गट करावेत’ याला वेळ दिलेली नाही, आणि गट करायला वेळ लागत नाही असे कुणी म्हणत असेल तर त्याने बाके सरकवणारा वर्ग पाहिलेला नसावा. ही सूचना पट्टी तयार करण्याच्या चार मिनिटांत टाकली तर त्यातले एक-दीड मिनिट सरकासरकीतच जाईल. नवीन वेळ द्यावी तर ४० चे ४२ होतात. राहिला एकच मार्ग: मुले आत येतानाच गटाने बसतील अशी व्यवस्था. म्हणून ही सूचना साहित्यासोबत पूर्वतयारीत घ्यायची आणि समासात नोंद ठेवायची की ही जागा टाचणात नव्हती, आपण ठरवली.

दुसरी जागा शेवटची. प्रश्न ‘शेवटी’ सोडवायचा आहे. आवराआवरीला कोणताच शब्द नाही, पण आवराआवर शेवटी असते हे गृहीतच धरले जाते. मग दोघांत शेवटचे कोण? इथे मी टाचणातल्या शब्दाला मान देतो. ‘शेवटी’ प्रश्नासाठी लिहिले आहे, म्हणून प्रश्न शेवटी आणि आवराआवर त्याआधी. त्याला व्यवहाराचाही आधार आहे: पाण्याचे पेले बाकावरून गेले की वह्या निर्धास्त उघडता येतात. उलट बाजूही खरी आहे. तासिका लांबली तर घंटा होईल ती प्रश्नावर, आणि मुलांना काय समजले ते कळायचे राहील. आवराआवर शेवटी असती तर घंटेने फक्त पेले राहिले असते. हा मुद्दा टाचण लिहिणाऱ्यापुढे ठेवावा, पण परस्पर बदल करू नये.

चौथे काम: टप्पे कुठे तोडायचे

टप्पा कधी बदलतो? मुलांचे काम बदलते तेव्हा, किंवा मुलांच्या हातातले साहित्य बदलते तेव्हा. शिक्षक विषय बदलतो म्हणून टप्पा बदलत नाही. गाळण्याची उजळणी आणि बाष्पीभवनाची उजळणी हे दोन विषय आहेत, पण मुले दोन्ही वेळा उत्तरेच देत आहेत. तो एकच टप्पा. दाखवणे आणि पट्टी करणे मात्र दोन टप्पे, कारण पहिल्यात मुले पाहतात आणि दुसऱ्यात करतात.

या कसोटीने पूर्वतयारी सोडून टप्पे होतात सात: उजळणी, दाखवणे, पट्टी तयार करणे, पट्टी पाण्यात, निरीक्षण व चर्चा, आवराआवर, प्रश्न. ठिपका वाळण्याचे मिनिट वेगळा टप्पा करायचे की नाही यावर मतभेद होऊ शकतो. मी ते पट्टी तयार करण्याच्या टप्प्यातच ठेवतो, पण त्याची वेळ वेगळी दाखवतो. एका मिनिटाचा टप्पा केला की वाचणाऱ्याला ते ओलांडून जायची घाई होते, आणि ४ व १ मिळून ‘५ मिनिटे’ असे लिहिले तर वाळण्याचे मिनिट पट्टी कापण्यात खर्ची पडते. दोन्ही टाळायचे तर टप्पा एक आणि वेळा दोन.

टप्प्यांना नावे देताना मुलांचे काम दिसेल असे नाव द्या. अनेक संस्थांचा ठरलेला नमुना असतो. हर्बार्टची पंचपदी अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला पाठ असते. गंमत अशी की हर्बार्टने स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. पाचवी त्याच्या अनुयायांनी पहिलीचे दोन भाग करून केली. नमुना सक्तीचा असला तरी टप्पे आधी वरच्या कसोटीने तोडा आणि नमुन्यातली नावे मागाहून त्यांच्यावर बसवा. उलट केले, म्हणजे आधी पाच रकाने आखून त्यात सूचना कोंबल्या, तर पाण्यातल्या दहा मिनिटांसारखा टप्पा कुठल्याच रकान्यात बसत नाही आणि दोन ठिकाणी वाटला जातो. तिथेच पोटातली वेळ पुन्हा बाहेर येते आणि बेरीज ४७ होते.

पाचवे काम: चालते घड्याळ

आता प्रत्येक टप्प्यापुढे ‘किती मिनिटे’ यासोबत ‘कितव्यापासून कितव्या मिनिटापर्यंत’ हेही लिहायचे. दोन्ही हवेत. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ‘१० मिनिटे’ यापेक्षा ‘२३ व्या मिनिटाला पट्ट्या बाहेर’ हे जास्त उपयोगी पडते. आणि टाचण तपासणाऱ्याला मूळ आकडा जसाच्या तसा दिसावा लागतो.

| मिनिट | वेळ | टप्पा | सूचना |
|---|---|---|---|
| तासिकेपूर्वी | नाही | पूर्वतयारी | साहित्य मांडून ठेवणे. मुले चार-चारच्या गटात बसतील अशी व्यवस्था. |
| ०–५ | ५ | उजळणी | गाळणे व बाष्पीभवन. |
| ५–८ | ३ | शिक्षक दाखवतात | कृती करून दाखवणे. |
| ८–१२ | ४ | मुले पट्टी तयार करतात | ठिपका खालच्या टोकापासून २ सेंमी वर. |
| १२–१३ | साधारण १ | ठिपका वाळतो (याच टप्प्यात) | सांगणे: पाणी ठिपक्याला लागता कामा नये. वाळल्याशिवाय पट्टी सोडायची नाही. |
| १३–२३ | १० | पट्टी पाण्यात | १३–१६ अंदाज वहीत (३). १६–२० गटात वाचन (४). २०–२३ टाचणात काही दिलेले नाही. |
| २३–३३ | १० | निरीक्षण व चर्चा | पट्टी काढताच पाणी चढले तिथे पेन्सिलने रेघ. मग निरीक्षण आणि चर्चा. |
| ३३–३५ | २ | आवराआवर | |
| ३५–४० | ५ | प्रश्न | एक प्रश्न वहीत सोडवणे. |

उद्दिष्ट आणि ‘तासिका ४० मिनिटे’ ही दोन वाक्ये तक्त्याच्या डोक्यावर जातात.

२० ते २३ ही मोकळी जागा तक्त्यात उघडी ठेवली आहे. ती भरायची इच्छा अनावर होते: एखादे कोडे घाला, वाचनाची चारची सात मिनिटे करा. पण वाचनाला ४ मिनिटे असे स्पष्ट लिहिलेले आहे, आणि कोडे टाचणात नाही. कदाचित लिहिणाऱ्याने ती तीन मिनिटे शिक्षकाला गटांत फिरून पेल्यातले पाणी बघायला ठेवली असतील. कदाचित मागे पडलेल्या गटांसाठी ठेवली असतील, कारण सगळे गट नेमके १३ व्या मिनिटाला पट्टी सोडत नाहीत. एखादा गट पंधराव्याला सोडतो आणि त्याच्या पट्टीला दहा मिनिटे २५ व्याला पूर्ण होतात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा जागा उघडी ठेवलेली बरी.

रचना बदलणे आणि पाठ बदलणे

तक्ता तयार झाल्यावर टाचणातला एक दोष स्पष्ट दिसतो, जो ढिगात दिसत नव्हता. मुले अंदाज लिहितात १३ ते १६ या मिनिटांत, आणि पट्टी पाण्यात गेलेली असते १३ व्याला. शाई चढू लागली की रंग सुटे होताना दिसायला लागतात. म्हणजे तिसऱ्या मिनिटाला अंदाज लिहिणारे मूल अंदाज करत नाही, समोर बघून लिहिते. वहीत सगळ्यांचे ‘अंदाज’ बरोबर येतात आणि शिक्षकाला वर्ग हुशार वाटतो.

उपाय सरळ दिसतो: अंदाज पट्टी सोडण्यापूर्वी लिहून घ्यावा. पण मग ती ३ मिनिटे पोटातून बाहेर येतात, सलग वेळेत मोजावी लागतात आणि तासिका ४३ मिनिटांची होते. आणखी कुठे तरी तीन मिनिटे कापावी लागतील, आणि कुठली कापायची हा निर्णय शिकवण्याचा आहे, मांडणीचा नाही. टाचण दुसऱ्याचे असेल तर तक्ता जसा आहे तसाच द्या आणि खाली टीप लिहा: ‘अंदाज लिहिण्याआधीच रंग दिसू लागतील. अंदाज १२ व्या मिनिटाच्या आधी घेतल्यास ३ मिनिटे वाढतात. ती कुठून घ्यायची?’ टाचण तुमचे स्वतःचे असेल तरी आधी मूळ वेळांचा तक्ता पूर्ण करा आणि मग दुसऱ्या प्रतीत बदला. एकाच वेळी रचना आणि आशय दोन्ही बदलले की बेरीज चुकल्यावर चूक कुठली ते सापडत नाही.

याच जातीची दुसरी टीप दाखवण्याच्या तीन मिनिटांबद्दल. तीन मिनिटांत प्रयोग पूर्ण होत नाही, फक्त मांडणी दाखवता येते. शिक्षकाने पाचव्या मिनिटाला आपली पट्टी पाण्यात सोडली तर मुलांच्या पट्ट्या पाण्यात जाण्याआधीच तिच्यावर रंग दिसतील आणि शोधायला काही उरणार नाही. ‘कृती करून दाखवावी’ याचा अर्थ पट्टी पाण्यापर्यंत नेऊन थांबावे असा घ्यायचा का, हे विचारून घ्या.

टीप लिहिताना तिचे प्रश्नचिन्ह जपा. ‘अंदाज आधी घ्यावा’ असे लिहिले की ती सूचना होते, पुढच्या प्रतीत तक्त्यात शिरते आणि कुणाच्या लक्षात येत नाही की ती मूळची नव्हती.

सहावे काम: उलटी तपासणी

मूळ टाचण समोर घ्या आणि पहिल्या क्रमांकापासून अठराव्यापर्यंत एकेक सूचना तक्त्यात शोधा. सापडली की मूळ कागदावर खूण करा. मग उलट जा: तक्त्यातल्या प्रत्येक शब्दसमूहाला मूळ क्रमांक आहे का ते बघा. क्रमांक नसलेला मजकूर आपण घातलेला असतो. तो एकतर काढा किंवा टीपांत न्या. वरच्या तक्त्यात असा मजकूर दोन ठिकाणी आहे: गटांनी आत येतानाच बसणे आणि ‘टाचणात काही दिलेले नाही’ हा शेरा. दोन्ही टीपांत नोंदवलेले हवेत.

नंतर आकडे. सलग आणि पदार्थाच्या वेळा मिळून ५, ३, ४, १, १०, १०, २, ५ यांची बेरीज ४०. पोटातल्या ३ आणि ४ ची बेरीज ७, दहाच्या आत. ‘साधारण’ शाबूत. २ सेंमी शाबूत. चालत्या घड्याळात एका टप्प्याचा शेवट हीच पुढच्याची सुरुवात, मध्ये फट नाही आणि एकावर एक चढलेले नाही.

शेवटची तपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. हा पाठ न घेतलेल्या शिक्षकाला फक्त तक्ता द्या आणि विचारा: अठराव्या मिनिटाला मुलांच्या हातात काय आहे? बरोबर उत्तर आहे वही, आणि पट्टी पेल्यात आहे. उत्तर यायला वेळ लागला तर तो टप्पा अजून गुंतलेला आहे. बहुधा पोटातल्या वेळा बाहेरच्या टप्प्यासारख्याच लिहिल्या गेलेल्या असतात.

तासिका लहान असेल तर

हेच टाचण ३५ मिनिटांत बसवायचे झाले तर सगळ्यात सोपा दिसणारा मार्ग म्हणजे प्रत्येक वेळ सारख्या प्रमाणात कमी करणे. तसे केले की पट्टी पाण्यात पावणेनऊ मिनिटे येते, आणि ठिपका वाळायला बावन्न-त्रेपन्न सेकंद. कागदावर हिशेब जमतो, पेल्यात जमत नाही.

इथे जातींची यादी पुन्हा काढा. पदार्थाच्या वेळांना हात लावायचा नाही: १ आणि १० तशाच. मुलांच्या हातच्या कामाला, म्हणजे पट्टी करण्याच्या ४ मिनिटांना, शक्यतो नाही; तिथे घाई झाली की ठिपका दीड सेंमीवर पडतो. दाखवण्याची ३, आवराआवरीची २ आणि प्रश्नाची ५ आधीच आखूड आहेत. पोटातली ७ मिनिटे कापून काही मिळत नाही, कारण ती बेरजेतच नव्हती. पुष्कळ जण नेमकी तीच कापतात आणि तासिका एका मिनिटानेही लहान होत नाही. उरतात बोलण्याच्या दोन वेळा: उजळणी आणि निरीक्षण-चर्चा. उजळणी ५ ची ३ केली आणि चर्चा १० ची ७, तर घड्याळ असे चालते: उजळणी ०–३, दाखवणे ३–६, पट्टी ६–१०, वाळणे १०–११, पाण्यात ११–२१, निरीक्षण व चर्चा २१–२८, आवराआवर २८–३०, प्रश्न ३०–३५.

या प्रतीच्या डोक्यावर ‘४० मिनिटांच्या टाचणावरून, उजळणी २ आणि चर्चा ३ मिनिटांनी कमी’ एवढे लिहून तारीख घाला आणि ४० मिनिटांची प्रत तिच्या मागे टाचून ठेवा.